उताऱ्यातला लेखकाचा सूर कसा पकडायचा: 'दृष्टिकोन' आणि 'हेतू'च्या प्रश्नांसाठी पायरी पायरीने

वाचन-आकलनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं, की उतारा नीट समजला, माहितीवरचे प्रश्न सगळे बरोबर आले, आणि 'लेखकाचा दृष्टिकोन कोणता' किंवा 'हा उतारा लिहिण्यामागचा हेतू काय' असं आलं की दोन पर्यायांमध्ये अडकायला होतं आणि नेमका चुकीचा टिक होतो. याचं कारण साधं आहे. माहितीच्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात एका जागी लिहिलेलं असतं, तिथे बोट ठेवता येतं. सुराचं उत्तर कुठल्याच वाक्यात लिहिलेलं नसतं, ते वाक्यांच्या फटींमध्ये असतं, म्हणजे एखाद्या 'निदान'मध्ये, एखाद्या 'म्हणे'मध्ये, एखाद्या 'का होईना'मध्ये. आणि आपण वाचताना नेमके हेच शब्द गाळतो, कारण आकडे आणि नावं लक्षात ठेवायची सवय लागलेली असते.

आधी हे बघा. घटना एकच आहे, समितीने अहवाल दिला आणि त्याला तीन वर्षं लागली.

"समितीने तीन वर्षांनी अहवाल सादर केला."
"समितीने तीन वर्षं नेटाने काम करून अहवाल सादर केला."
"समितीने तीन वर्षांनी का होईना, अहवाल सादर केला."
"समितीला एक अहवाल लिहायला तीन वर्षं लागली."

माहितीचा प्रश्न आला तर चारही वाक्यांचं उत्तर तेच, तीन वर्षं. पण पहिला लेखक नुसतं सांगतोय, दुसरा कौतुक करतोय, तिसरा उशिरावर नाराज आहे पण काम झालं म्हणून थोडा समाधानीही आहे, आणि चौथा सरळ टोमणा मारतोय. चौथ्या वाक्यात तर वाईट असा एकही शब्द नाही! फक्त 'एक' हा शब्द आलाय आणि 'सादर केला'च्या जागी 'लिहायला लागली' आलंय. परीक्षेत जे विचारतात ते एवढंच असतं, फक्त पाचशे शब्दांत पसरलेलं.

आता पायऱ्या. इथे एकच उतारा घेऊन शेवटपर्यंत जाऊ. हा मी याच कामासाठी लिहिलाय, मुद्दाम असा की त्यात नेहमीचे सगळे सापळे येतील.

"एका दिवसात लाखो रोपं लावल्याच्या बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत. अशा मोहिमांमुळे एरवी मातीत हात न घालणारी माणसं निदान एक दिवस तरी घराबाहेर पडतात, हे मान्यच करायला हवं. आयोजकांच्या मते रोपांची संख्या हेच यशाचं खरं माप आहे, जितके खड्डे, तितकं जंगल. पण रोप लावणं आणि झाड वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी, कुंपण आणि तण काढणारे हात मिळाले नाहीत, तर मोजणीतली बरीचशी रोपं मोजणीतच राहतात. ज्या मोजक्या ठिकाणी स्थानिक प्रजाती निवडून देखभालीची जबाबदारी आधीच ठरवली गेली, तिथे मात्र चित्र वेगळं दिसतं. मोहिमा बंद कराव्यात असं मुळीच नाही, फोटोचा दिवस संपल्यावर रोपाचं काय होतं, हे विचारायची सवय लागावी, एवढंच."

प्रश्न पहिला: वृक्षारोपण मोहिमांकडे बघण्याचा लेखकाचा दृष्टिकोन कोणता?
(अ) उत्साही पाठिंबा
(ब) तटस्थ निरीक्षण
(क) काही गुण मान्य करून केलेली टीका
(ड) संपूर्ण अविश्वास

प्रश्न दुसरा: उताऱ्यामागचा लेखकाचा मुख्य हेतू कोणता?
(अ) स्थानिक प्रजाती लावण्याचे फायदे समजावून सांगणे
(ब) वृक्षारोपण मोहिमा थांबवण्याची मागणी करणे
(क) अशा मोहिमांचं यश वेगळ्या मापाने मोजायला हवं हे सुचवणे
(ड) मोहिमांच्या आयोजकांची भूमिका मांडणे

पर्यायांकडे अजून बघू नका, किंवा बघितले असतील तर विसरा.

पायरी १: कोणाचा दृष्टिकोन, कशाबद्दलचा, हे प्रश्नातून काढा

हे हास्यास्पद वाटेल इतकं सोपं आहे आणि तरी इथेच बरेच जण घसरतात. 'लेखकाचा मोहिमांबद्दलचा दृष्टिकोन' आणि 'लेखकाचा आयोजकांच्या दाव्याबद्दलचा दृष्टिकोन' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. आपल्या उताऱ्यात मोहिमांबद्दल लेखक मिश्र बोलतो, पण 'जितके खड्डे, तितकं जंगल' या दाव्याबद्दल विचारलं तर उत्तर बरंच कडक होईल, कारण तो दावा त्याला पटलेलाच नाही. तेव्हा प्रश्न वाचून झाला की समासात दोन शब्द लिहायचे, कोण आणि कशाबद्दल. कधीकधी तर प्रश्न उताऱ्यात ज्याचं मत दिलंय त्या तज्ज्ञाचा सूर विचारतो आणि आपण घाईत लेखकाचा शोधत बसतो.

आणखी एक फरक इथेच सांगून टाकतो, कारण आयईएलटीएसची तयारी करणारे यात फार गोंधळतात. त्या परीक्षेत 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' असा एक प्रकार आहे आणि 'येस, नो, नॉट गिव्हन' असा दुसरा. दिसायला जुळे, पण पहिला उताऱ्यातली माहिती तपासतो आणि दुसरा लेखकाची मतं आणि दावे. म्हणजे दुसऱ्या प्रकारात एखादी गोष्ट उताऱ्यात छापलेली आहे एवढ्यावर 'येस' देऊन चालत नाही, ते लेखकाचं म्हणणं आहे का हे बघावं लागतं. आयोजक काही म्हणाले आणि ते लेखकाने नोंदवलं, म्हणून ते लेखकाचं होत नाही.

पायरी २: उतारा वाचताना फक्त मताच्या शब्दांखाली रेघ

सगळ्या उताऱ्याला रेघा मारणारे लोक असतात, त्याचा काही उपयोग नाही. नियम असा ठेवा की जो शब्द काढून टाकला तरी माहिती तीच राहते, पण बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो, त्याच शब्दाखाली रेघ मारायची. करून बघू.

पहिलं वाक्य, "बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत". यात 'आता नवीन राहिलेल्या नाहीत' हे थोडं कंटाळल्यासारखं आहे, जांभई दिल्यासारखं. पण एवढ्यावर काही ठरवू नका, ही नुसती चाहूल आहे. दुसऱ्या वाक्यात 'निदान', 'तरी', 'मान्यच करायला हवं'. 'निदान एक दिवस तरी' म्हणजे जास्त काही नाही पण एवढं तर होतं, म्हणजे कौतुक आहे पण हात आखडून केलेलं. आणि 'मान्य करायला हवं' हे माणूस कधी म्हणतो? पुढे विरोधात बोलायचं असतं तेव्हाच. ज्याला मोहिमा मनापासून आवडतात तो 'मान्य करायला हवं' असं कशाला म्हणेल, तो सरळ 'किती छान' म्हणेल ना.

पाचव्या वाक्यात "मोजणीतली बरीचशी रोपं मोजणीतच राहतात". हा 'च' बघा. रोपं कागदावर आहेत, जमिनीवर नाहीत, हे त्याने 'मेली' असा शब्द न वापरता सांगितलं, आणि त्यात हलका चिमटा आहे. सहाव्यात 'मोजक्या' आणि 'मात्र'. सातव्यात 'मुळीच नाही' आणि 'एवढंच'. 'फोटोचा दिवस' हाही मताचाच शब्द आहे, कारण लेखक त्याला 'लागवडीचा दिवस' म्हणू शकला असता.

आपल्या भाषेत सूर बऱ्याचदा विशेषणात नसतो, या बारक्या शब्दांत असतो. मराठी उताऱ्यात 'तथाकथित', 'म्हणे', 'उठसूट', 'बिचारे', 'अखेर', 'एकदाचं', 'अर्थात', 'खरं तर', 'फार तर' हे दिसले की पेन्सिल थांबली पाहिजे. इंग्रजी उताऱ्यात हेच काम 'मिअरली', 'सपोझेडली', 'अ‍ॅट लीस्ट', 'टू बी शुअर' असले शब्द करतात. 'टू बी शुअर' दिसलं की बरेच जण लेखकाला खात्री आहे असं धरतात, प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा आपलं 'हे मान्य, पण' असतं आणि दोन वाक्यांनी 'बट' येतंच.

पायरी ३: हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे

तिसरं वाक्य परत वाचा. "रोपांची संख्या हेच यशाचं खरं माप आहे." वाक्य ठाम आहे, त्यात 'हेच' आहे, 'खरं' आहे, एकटं वाचलं तर लेखकाचं मत वाटेल. पण आधी 'आयोजकांच्या मते' आहे. परीक्षा काढणारे लोक चुकीचा पर्याय बनवताना या असल्या वाक्यातूनच शब्द उचलतात, कारण ते उताऱ्यात खरोखरच आहेत आणि ओळखीचे वाटतात. दुसऱ्या प्रश्नातला पर्याय (ड) तसाच बनलाय.

समासात अशा वाक्यासमोर 'दुसऱ्याचं' म्हणून छोटी खूण करा. 'असं मानलं जातं', 'समर्थकांचा दावा आहे', 'परंपरेने असं समजतात', 'अनेकांना वाटतं' ही सगळी दुसऱ्याच्या तोंडची दारं. त्यातही 'दावा आहे' आणि 'दाखवून दिलंय' यात लेखकाने आधीच बाजू घेतलेली असते, 'दावा' म्हटलं की लेखक एक पाऊल मागे उभा आहे आणि 'दाखवून दिलं' म्हटलं की तो सोबत उभा आहे. हे क्रियापद बघायची सवय लागली ना, की अर्धे प्रश्न इथेच सुटतात.

कठीण प्रकार तो, जिथे 'च्या मते' एकदाच येतं आणि मग पुढची चार वाक्यं त्याच माणसाचं म्हणणं चालू असतं, पण प्रत्येक वेळी नाव येत नाही. तिथे कसं ओळखायचं? वळणाचा शब्द येईपर्यंत तोंड बदललेलं नाही असं धरायचं. आपल्या उताऱ्यात चौथ्या वाक्यातल्या 'पण'ने तोंड बदललं, तिथून पुढे लेखक स्वतः बोलतोय.

पायरी ४: वळण शोधा, आणि वळणानंतरचं वजन धरा

'पण', 'मात्र', 'तरीही', 'असं असलं तरी', 'खरा प्रश्न वेगळाच आहे'. यातला शेवटचा मोठा वळणाचा शब्द जिथे आहे, त्याच्या पुढे लेखक सहसा स्वतःचं खरं मत ठेवतो. "मुलगा हुशार आहे पण आळशी आहे" आणि "मुलगा आळशी आहे पण हुशार आहे" यात माहिती एकच, आणि तरी एकात तक्रार आहे आणि दुसऱ्यात माया आहे. नुसती जागा बदलली.

आपल्या उताऱ्यात तीन वळणं आहेत. चौथ्या वाक्यात टीकेकडे, सहाव्यात 'मात्र'ने पुन्हा थोडं चांगल्याकडे, आणि सातव्यात शेवटचा समतोल, बंद करा असं नाही, विचारायची सवय लावा. म्हणजे ग्राफ काढला तर थोडं वर, मग खाली, मग थोडं वर, आणि मग एक मवाळ मागणी. ज्या उताऱ्याचा ग्राफ असा वरखाली होतो, त्याचं उत्तर टोकाचं असूच शकत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. शेवटचं वाक्य नेहमीच निकाल देतं असं धरू नका. काही उतारे मोठ्या लेखातून मधूनच कापलेले असतात, तिथे शेवट म्हणजे फक्त कात्री जिथे लागली ती जागा. शेवटचं वाक्य आधीच्या रेघा मारलेल्या शब्दांशी जुळतंय का ते बघा, जुळत नसेल तर आधीच्या पाच-सहा खुणांवर जास्त विश्वास ठेवा.

पायरी ५: पर्याय बघायच्या आधी स्वतःचं उत्तर स्वतःच्या बोलीत

ही पायरी सगळे टाळतात कारण वेळ जाईल असं वाटतं, आणि खरं तर वेळ वाचतो तो हिच्यामुळेच. पर्याय हाताने झाका आणि मनातल्या मनात एका वाक्यात बोला, जसं मित्राला सांगाल तसं. इथे माझं वाक्य असं येईल: "मोहिमा वाईट नाहीत रे, पण नुसती रोपं मोजून काय होतं, नंतर जगतात का ते बघा ना, असं त्याचं म्हणणं आहे." झालं. यात दृष्टिकोनही आला आणि हेतूही. आता पर्यायांमधला जो या वाक्याला सर्वात जवळचा, तो घ्यायचा.

का करायचं हे? कारण पर्याय आधी वाचले की चारही थोडेथोडे खरे वाटायला लागतात, आणि मग आपण उताऱ्यात पुरावा शोधायला जातो आणि चारही पर्यायांना थोडाथोडा पुरावा मिळतोही! (ड) 'संपूर्ण अविश्वास' घ्या, त्यालाही 'मोजणीतच राहतात' हा पुरावा आहेच की. फक्त अर्धा आहे.

पायरी ६: पर्यायाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला पुरावा मागा

दृष्टिकोनाचे पर्याय बहुतेक वेळा दोन शब्दांचे असतात. एक शब्द दिशा सांगतो, दुसरा प्रमाण. 'उत्साही पाठिंबा' यात पाठिंबा ही दिशा, उत्साही हे प्रमाण. मराठी असो की इंग्रजी, चुकीचा पर्याय पुष्कळदा दिशेत बरोबर आणि प्रमाणात चूक असतो, आणि याच ठिकाणी चांगली तयारी झालेली मुलंही फसतात.

(अ) उत्साही पाठिंबा. दिशा थोडी आहे, 'मान्यच करायला हवं' मध्ये. उत्साह कुठे आहे? एकही शब्द नाही. गेला.
(ब) तटस्थ निरीक्षण. तटस्थ माणूस 'फोटोचा दिवस' म्हणत नाही. रेघ मारलेले शब्द मोजा, आठ-नऊ तरी निघतील. एवढे शब्द निघाले की तटस्थ बाद.
(ड) संपूर्ण अविश्वास. दिशा बरोबर, पण 'संपूर्ण' तपासा. 'मुळीच नाही' आणि 'चित्र वेगळं दिसतं' ही दोन ठिकाणं त्याला खोटं पाडतात. एक पुरे झालं असतं.
(क) काही गुण मान्य करून केलेली टीका. गुण मान्य, दुसऱ्या आणि सहाव्या वाक्यात. टीका, चौथ्या-पाचव्यात. दोन्ही तुकड्यांना पुरावा मिळाला. उत्तर (क).

यावरून काही लोक 'टोकाचा पर्याय कधीच घेऊ नका' असा नियम पाठ करतात. मला हा नियम पटत नाही. एखादा लेखक खरंच चिडलेला असतो, 'लाजिरवाणं', 'अक्षम्य' असे शब्द चार ठिकाणी वापरतो, आणि तिथे 'सौम्य नाराजी' टिक करणारा नियम पाळून चुकतो. प्रमाण उताऱ्याने ठरवायचं, सवयीने नाही.

सुराच्या नावांमध्ये काही जोड्या फार घोळ घालतात. 'तटस्थ' आणि 'उदासीन'. तटस्थ म्हणजे बाजू घेत नाही, उदासीन म्हणजे पर्वाच नाही. ज्याला पर्वाच नाही तो त्या विषयावर पाचशे शब्द कशाला लिहील? म्हणून लेखकाच्या दृष्टिकोनासाठी 'उदासीन', इंग्रजीत 'इनडिफरंट', हा पर्याय जवळजवळ नेहमीच भरतीचा असतो. आणि 'अँबिव्हॅलंट' त्याच्या शेजारी ठेवलेला असतो, तो म्हणजे दोन्हीकडे ओढ असलेला, द्विधा, त्याचा पर्वा नसण्याशी काही संबंध नाही. तसंच 'स्केप्टिकल' आणि 'सिनिकल'. पहिला पुरावा मागतो, पुरावा मिळाला तर मानायला तयार असतो. दुसऱ्याचं आधीच ठरलंय की सगळे स्वार्थासाठीच करतात. आपला लेखक पहिल्यातला, कारण जिथे देखभाल झाली तिथलं चांगलं चित्र तो स्वतःहून सांगतो. सिनिकल माणसाने ते वाक्य लिहिलंच नसतं. 'क्रिटिकल'ही सांभाळून घ्या, कधी त्याचा अर्थ टीका करणारा आणि कधी नुसता चिकित्सक, बारकाईने तपासणारा.

पायरी ७: हेतूच्या प्रश्नात आधी फक्त क्रियापदं वाचा

दुसऱ्या प्रश्नाचे पर्याय आता उघडा, पण डावीकडचं झाकून शेवटचे शब्द वाचा. समजावून सांगणे, मागणी करणे, सुचवणे, भूमिका मांडणे. हेतू म्हणजे लेखकाला वाचकाकडून काय हवंय. त्याला कळावं एवढंच हवंय का, पटावं असं हवंय, की उठून काही करावं असं हवंय? आपल्या उताऱ्याच्या शेवटी 'सवय लागावी' आहे. लागावी. म्हणजे काहीतरी हवंय, पण मवाळपणे. 'समजावून सांगणे' त्यात बसत नाही कारण ते नुसतं माहिती देणं झालं, 'मागणी करणे' बसत नाही कारण ते फार कडक झालं, आणि 'भूमिका मांडणे' आयोजकांची आहे म्हणून तोंडच चुकलं. नुसत्या क्रियापदावर (क) हाताशी आला. मग झाकलेलं उघडून खात्री करा, यशाचं वेगळं माप, हो, चौथ्यापासून सातव्या वाक्यापर्यंत तेच चाललंय.

(अ)वर जरा थांबू, कारण सर्वात जास्त लोक इथे फसतात. स्थानिक प्रजातींचा उल्लेख उताऱ्यात आहे, आणि तो चांगल्या अर्थाने आहे, म्हणजे माहिती खरी आहे. पण तो किती जागेत आहे? सातपैकी एका वाक्यात, तेही अर्ध्या. मुख्य हेतूचा पर्याय सगळ्या उताऱ्यावर छत्रीसारखा बसला पाहिजे. तपासायचं असं, की पर्याय खरा धरला तर बाकीची वाक्यं कशाला लिहिली असती? स्थानिक प्रजातींचे फायदे सांगायचे असते तर फोटोचा दिवस आणि खड्ड्यांची मोजणी कशाला आली असती? उत्तर देता येत नाही, म्हणजे पर्याय गेला.

हेतूचे प्रश्न एकेका वाक्याबद्दलही येतात. 'लेखकाने मातीत हात न घालणाऱ्या माणसांचा उल्लेख का केला?' असं. इथे 'लोक घराबाहेर पडतात हे सांगण्यासाठी' असा पर्याय असतोच, आणि तो चुकीचा असतो, कारण ते वाक्य काय म्हणतंय ते त्याने सांगितलं, ते तिथे काय करतंय ते नाही. ते वाक्य तिथे बसलंय पुढच्या टीकेची धार एकांगी वाटू नये म्हणून, विरोधकाचा मुद्दा आधीच मान्य करून टाकलाय. असल्या प्रश्नात वाक्याच्या आतलं कमी आणि त्याच्या मागचं-पुढचं एकेक वाक्य जास्त वाचा.

उपरोध असेल तर

उपरोधात मताचे सगळे शब्द गोड असतात आणि अर्थ कडू, त्यामुळे पायरी दोन एकटी वापरली तर ती फसवते. उदाहरणार्थ: "पुलाचं नियोजन इतकं दूरदृष्टीचं, की रस्ता पुलापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी पुलाचं उद्घाटन झालं." रेघ मारलेला शब्द 'दूरदृष्टीचं', म्हणजे कौतुक? मग त्याच वाक्यातली घटना बघा, रस्ता नसताना उद्घाटन. स्तुतीचा शब्द आणि शेजारची घटना एकमेकांना खोटं पाडत असतील तर घटनेवर विश्वास ठेवा, शब्द उलटा वाचा. मात्र त्यासाठी उताऱ्यात तशी घटना असायलाच हवी. नुसतं 'एवढं कौतुक कोण करतं, नक्की टोमणा असणार' असा आपला अंदाज चालत नाही, काही लेखक खरंच भारावून लिहितात, बिचारे.

उत्तर चुकलं की कुठे चुकलं हे कसं ओळखायचं

सराव करताना नुसतं बरोबर-चूक लिहून पुढे जाऊ नका, चुकीच्या पर्यायासमोर कारण लिहा. कारणं फार थोडी असतात. दिशा चुकली असेल तर बहुतेक तोंड चुकलंय, दुसऱ्याचं मत लेखकाचं धरलंय, पायरी तीनकडे जा. दिशा बरोबर आणि प्रमाण चुकलं असेल तर 'निदान', 'फार तर' असले शब्द निसटलेत. हेतूत बारीकसारीक माहितीचा पर्याय निवडला असेल तर छत्रीची तपासणी केली नाही.

आणि एक कारण असं आहे की ते स्वतःला पटकन दिसत नाही, विषय आणि सूर यांची गल्लत. उतारा दुष्काळाबद्दल आहे म्हणून सूर 'दुःखी', युद्धाबद्दल आहे म्हणून 'संतप्त', असं आपणच भरतो. प्रत्यक्षात लेखक पावसाची कमतरता आणि पिकांचं नुकसान इतक्या कोरडेपणाने मांडत असतो की उत्तर 'वस्तुनिष्ठ' असतं. उलटही होतं, विषय आपल्या आवडीचा असला की लेखकही खूश वाटायला लागतो. वाटलेल्या सुरासाठी उताऱ्यातले दोन शब्द बोटाने दाखवता आले नाहीत, तर तो सूर तुमचा आहे, लेखकाचा नाही.

समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२९ साली अर्थाचे चार पदर वेगळे केले होते: काय सांगितलं, सांगणाऱ्याला त्या गोष्टीबद्दल काय वाटतं, ऐकणाऱ्याकडे तो कसं बघतो, आणि त्याला साधायचं काय आहे. परीक्षेत मधले दोन पदर सहसा 'सूर' किंवा 'दृष्टिकोन' याच नावाखाली एकत्र येतात, म्हणून विषयाबद्दल कडक असलेला लेखक वाचकाशी मात्र खेळीमेळीने बोलत असला की आपण गोंधळतो. अशा वेळी पायरी एकमध्ये समासात लिहिलेलं 'कशाबद्दल' परत वाचा. प्रश्न विषयाबद्दलचा असेल तर खेळीमेळी बाजूला ठेवा, आणि उताऱ्याचा एकूण सूर विचारला असेल तर दोन्ही धरणारा पर्याय शोधा, 'मिश्किल टीका' असा काहीतरी.

सरावासाठी अग्रलेख किंवा मतपर लेख घ्या, बातमी नको, बातमीत हे शब्द मुद्दामच कमी ठेवलेले असतात. एक परिच्छेद घ्यायचा, मताचे सगळे शब्द खोडायचे आणि उरलेला परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग खोडलेले शब्द परत घालून वाचायचा. दोन वाचनांमध्ये जो फरक ऐकू येतो त्याला एक नाव द्या, नाव सुचलं नाही तर दोन-तीन शब्दांत वर्णन करा, 'चिडलाय पण आशा सोडलेली नाही' असं चालतं. नंतर त्याच परिच्छेदावर स्वतः चार पर्याय बनवून बघा, एक बरोबर, एक दिशेत चूक, एक प्रमाणात चूक, एक दुसऱ्याच्या तोंडचा. प्रमाणात चुकलेला पर्याय बनवायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, कारण तो जवळजवळ बरोबर वाटला पाहिजे, आणि परीक्षेत शेवटी हातात जे दोन पर्याय उरतात त्यातला एक बहुतेक तोच असतो.